अंगावर पिणाऱ्या बाळाची हिरवी शी: काय बघायचं, कधी धावायचं

लंगोट उघडला, शी हिरवी निघाली की घरात तीन मतं ठरलेली असतात. आजी म्हणते, पोटात गार गेलं. शेजारच्या काकू म्हणतात, तू पालक खाल्लास म्हणून. आणि बाळाचे बाबा फोनवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवायच्या तयारीत असतात. मी बाळंतिणींना पाजण्याविषयी मार्गदर्शन करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत शीचा रंग पहिल्या तीनांत असतो. बहुतेक वेळा उत्तर ‘काही करू नका’ असंच असतं. पण हिरव्या शीची दोन कारणं अशी आहेत की दोन्हींत रंग जवळपास सारखा आणि उपाय एकमेकांच्या अगदी उलट. एका बाळाला दूध जास्त मिळतंय, दुसऱ्याला कमी. म्हणून नुसता रंग बघून काही ठरवायचं नाही. पुढे दिलंय त्या क्रमाने बघत गेलात तर फरक घरीच कळतो.

आधी बाळाचं वय बघा

पहिल्या दोन दिवसांतली शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते, पुसायला जीव नको होतो. ती पहिल्या 24 तासांत व्हायला हवी. 48 तास उलटूनही झाली नाही तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरायला लागलं की शी पातळ होते आणि हिरवट-तपकिरी दिसते. घाबरण्याचे बरेच फोन याच दिवशी येतात, आणि नेमकी हीच हिरवी शी सर्वात निर्धोक असते, कारण जुनी काळी शी बाहेर पडून नव्या दुधाची सुरू झालेली असते. पाचव्या दिवसापर्यंत तिचा रंग हळदीसारखा पिवळा व्हायला हवा. पाचव्या-सहाव्या दिवशीही ती काळी-हिरवीच असेल तर बाळाला पुरेसं दूध जात नाहीये असं समजून वजन करून घ्या.

पिवळी झाली की दाणे दिसू लागतात. पातळ पिवळ्या पाण्यात बारीक पांढरट-पिवळ्या कण्या, दूध फाटल्यावर दिसतात तशा. ही दुधातली स्निग्धता आणि कॅल्शियम यांची न पचलेली उरलीसुरली कणी असते. नवख्या आईबापांना वाटतं, बाळाला पचत नाहीये. दाणे म्हणजे अपचन नव्हे. ज्या बाळाच्या शीत दाणे दिसतात त्याच्या पोटात दूध नीट जातंय एवढंच ते सांगतात. दाणे एखाद्या दिवशी दिसले नाहीत तरीही बिघडत नाही.

पहिले पाच-सहा आठवडे दिवसातून तीन-चार वेळा शी व्हायला हवी, आणि दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा छोटा डाग मोजायचा नाही. आठ-दहा वेळा, म्हणजे प्रत्येक पाजण्यानंतर झाली तरी ते जुलाब नाहीत. पोटात दूध पडलं की आतडं हलतं, नवजात बाळात ते जास्तच हलतं. सहा आठवड्यांनंतर गंमत उलटी होते: तेच बाळ चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही शी करत नाही. बाळ हसतंय-खेळतंय, पोट मऊ आहे आणि अखेर झाली तेव्हा शी मऊ आहे, तर याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत. साबणाची कांडी किंवा तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ घालून शी करवण्याची पद्धत अजूनही घरोघरी चालते. त्या नाजूक जागेला त्याने इजा होऊ शकते, ते करू नका.

शी ताजी असताना, उजेडात बघा

हे सांगायला साधं वाटतं, पण निम्मी भीती इथेच विरते. पिवळी शी हवेत राहिली की हिरवट होते. तिच्यातल्या पित्ताच्या पिवळ्या रंगद्रव्याचा हवेशी संबंध आला की त्याचं हिरव्यात रूपांतर होतं. रात्री दोनला झालेली शी सकाळी सातला बघितली तर ती हिरवी दिसणारच. झाल्या झाल्या, खिडकीजवळ, पांढऱ्या सुती कापडावर बघा. ट्यूबलाइटखाली आणि फोनच्या फोटोत रंग फसवतो.

डायपर वापरत असाल तर अजून एक गोष्ट ध्यानात घ्या. डायपर पाणी ओढून घेतो, त्यामुळे पातळ शीसुद्धा वर नुसत्या चिकट थरासारखी दिसते आणि आईला वाटतं ‘शेंबूडच पडतोय’. शंका असेल त्या दिवशी डायपर बाजूला ठेवून सुती लंगोट वापरा. कापडावर शीभोवती पाण्याचा रुंद वेढा पसरला आणि मधे जेमतेम काही उरलं, तर ती खरोखर पाण्यासारखी शी आहे. मधे पिवळा किंवा हिरवा लगदा आणि कडेला थोडंसं ओलं, हे नेहमीचं.

रंगाला साधं कारण आहे का, तपासा

तीन-चार गोष्टी विचारून घ्या. बाळाला कावीळ म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं का? त्या दिवसांत शी हिरवी आणि पातळ होते, कारण कावीळच त्या वाटेने बाहेर पडत असते. कमी वजनाच्या बाळाला लोहाचे थेंब चालू आहेत का? मग गडद हिरवी, काळपट शी होणार. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसींबरोबर रोटाव्हायरसचे थेंब तोंडाने मिळालेत का? त्यानंतर एखाद-दोन दिवस शी सैल होऊ शकते.

आणि बाळगुटी चालू आहे का, हे मोकळेपणाने विचारायला हवं, कारण सुना ते डॉक्टरांना सांगत नाहीत आणि सासूबाई त्याला औषध मानत नाहीत. सहाणेवर उगाळायच्या जिनसांत बाळहिरडा असतो, आणि हिरडा पोट साफ करणाराच आहे. शिवाय सहाण, पाणी आणि बोट यांतून जंतू जाण्याची शक्यता वेगळी. शी बिघडली असेल तर सर्वात आधी गुटी, ग्राइप वॉटर, वावडिंगाचं पाणी आणि मध थांबवा. सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाखेरीज पाण्याचीही गरज नसते. डॉक्टरांनी दिलेले जीवनसत्त्वाचे किंवा लोहाचे थेंब चालू ठेवा. मध वर्षभर अजिबात नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

आईच्या ताटातल्या पालक-मेथीवर मात्र फार संशय घेऊ नका. एखाद्या दिवशी थोडी छटा आली तरी ती निघून जाते, त्यासाठी आईची भाजी बंद करायची गरज नाही. बाळंतिणीचं जेवण आधीच वरणभात-तुपापुरतं उरलेलं असतं.

आता शू मोजा आणि वजन बघा

वरची कारणं लागू नसतील आणि हिरवी शी चार-पाच दिवस चालूच असेल, तर खरा निवाडा इथे होतो.

पहिला आठवडा उलटल्यावर 24 तासांत निदान सहा लंगोट चांगले ओले व्हायला हवेत, आणि शू पाण्यासारखी फिकट हवी. डायपरमध्ये अंदाज येत नसेल तर एक कोरा डायपर घ्या, त्यात तीन मोठे चमचे पाणी ओता आणि हातात धरून बघा. भरलेला डायपर साधारण तेवढा जड लागतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग दिसू शकतो. तो पाचव्या दिवसानंतर दिसला तर दूध कमी पडतंय.

वजनाचं असं: जन्मानंतर बाळ थोडं उतरतं. ही घट जन्मवजनाच्या दहा टक्क्यांकडे गेली तर पाजणं ताबडतोब तपासून घ्यायचं. दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्माच्या वजनावर परत येतं. पुढे पहिले तीन महिने रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढ होते. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्यांच्याकडे वजनकाटा असतो. वजन एकाच काट्यावर, कपडे काढून करा. दोन वेगळ्या काट्यांच्या फरकाने रडलेल्या आया मी बघितल्या आहेत.

वजन चांगलं वाढतंय आणि शी हिरवी, फेसाळ: दूध जास्त. वजन अडलंय आणि शी हिरवी, थोडीशी, चिकट: दूध कमी. दोन्ही बाळं कशी दिसतात ते सविस्तर सांगते.

पहिलं बाळ: दूध जास्त

सात आठवड्यांची एक मुलगी. जन्माचं वजन 2.9 किलो, आता 4.7 किलो. जन्माच्या वजनावर दहाव्या दिवशी आली असं धरलं तर त्यानंतर रोज 45 ग्रॅमच्या आसपास वाढली, म्हणजे भरपूर. शी दिवसातून नऊ-दहा वेळा, हिरवी, फेसाळ, आवाज करत पिचकारीसारखी. ढुंगण लाल. पोट गुडगुडतं. पाजायला घेतलं की पहिल्या मिनिटात ठसका लागतो, ती ओढून बाजूला होते, आईचं दूध दुपट्यावर उडतं. घरच्यांनी सांगितलेलं, ‘दोन्हीकडचं सारखं पाज’, म्हणून आई घड्याळ लावून सात मिनिटं इकडे, सात मिनिटं तिकडे पाजत होती.

इथे काय होतं ते समजून घेतलं की उपाय पाठ करावा लागत नाही. दोन प्रकारचं दूध वगैरे काही नसतं. स्तन भरलेला असताना येणाऱ्या दुधात स्निग्धता कमी असते, आणि स्तन जसा रिकामा होत जातो तशी ती वाढते. दूध मुळातच भरपूर असेल आणि बाळाला मधेच दुसरीकडे लावलं, तर त्याचं पोट दोन्ही बाजूंच्या पातळ दुधानेच भरतं. पातळ दूध आतड्यातून भरभर पुढे सरकतं. त्यातली साखर, म्हणजे लॅक्टोज, वर सगळी पचायला वेळ मिळत नाही, ती मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. गॅस, फेस आणि आंबट शी त्यातून येते, आणि ढुंगण त्या आंबटपणाने लाल होतं. पित्तालाही रंग बदलायला सवड मिळत नाही, म्हणून हिरवं.

तिला सांगितलं ते असं. घड्याळ बाजूला ठेवायचं. एका बाजूला घ्यायचं आणि बाळ आपणहून सोडेपर्यंत तिथेच ठेवायचं. त्यानंतर तासा-दोन तासांत पुन्हा मागितलं तर तीच बाजू द्यायची. दुसरी बाजू दगडासारखी झाली तर आराम पडेल एवढंच हाताने काढायचं, पूर्ण रिकामी करायची नाही, नाहीतर शरीर अजून दूध बनवतं. पाजताना मागे रेलून बसायचं आणि बाळाला पोटावर पालथं घ्यायचं, म्हणजे दुधाची धार त्याच्या घशावर आदळत नाही. चौथ्या दिवशी शी पिवळट झाली, आठवड्याने दिवसाला पाचवर आली.

एकच बाजू तीन-चार तास देत राहण्याचा हा प्रकार दूध कमी करतो. तो पहिल्या महिन्या-दीड महिन्यात, वजन पक्कं माहीत नसताना, किंवा आठवडेच्या आठवडे करायचा नाही. आठ दिवसांनी वजन परत बघायचं. नुसतं ‘बाळाने सोडेपर्यंत एक बाजू’ एवढ्यावरही बऱ्याच जणींचं काम होतं, तेवढंच आधी करून बघा.

याच बाळाच्या शीची तपासणी केली असती तर अहवालात साखर आढळली असती, आणि कोणीतरी ‘दूध पचत नाही, सोयाची पावडर द्या’ म्हणालं असतं. अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळांच्या शीतही साखर सापडते. जन्मजात लॅक्टोज न पचण्याचा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, आणि ते बाळ असं गुटगुटीत वाढत नाही.

दुसरं बाळ: दूध कमी

वीस दिवसांचा मुलगा. जन्माचं वजन 2.8 किलो, आता 2.75. शी दिवसातून एक-दोन वेळा, गडद हिरवी, शेंबडासारखी, लंगोटावर जेमतेम डाग. शू चार वेळा, पिवळी. आई म्हणते, ‘फार शहाणा आहे, रडतच नाही, पाच-पाच तास झोपतो.’ हे वाक्य ऐकलं की मी आधी काटा काढते. पोटात दूधच कमी गेलं की आतड्यातून उतरतं ते पित्त आणि आतड्याचा स्वतःचा चिकट स्राव, शी तेवढ्याचीच बनते.

याला एकच बाजू देत बसलं तर नुकसान होईल. इथे त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं आणि पाजणं वाढवायचं: 24 तासांत आठ ते बारा वेळा, झोपला असेल तर उठवून, दोन्ही बाजू. तोंडात नुसतं बोंड नको, भोवतालचा काळा भाग बराचसा आत हवा, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी, आणि दूध गिळल्याचा आवाज कानाला यायला हवा. चोखणं मंदावलं की स्तन हळूच दाबायचा, म्हणजे परत धार येते. पाजून झाल्यावर हाताने काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्यायचं. एक-दोन दिवसांत शू वाढते, मग शी वाढते आणि पिवळी होते, वजन त्यामागून येतं.

चिकट शी, म्हणजे ‘आव’ का?

आपल्याकडे शीत चिकट दिसलं की ‘आव पडते’ म्हणतात आणि मोठ्या भावंडाच्या उरलेल्या औषधाची बाटली निघते. ते देऊ नका. मोठ्यांना होते तशी आव फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला क्वचितच होते. आतड्याच्या आतल्या अस्तरावर चिकट थर असतोच, त्याचे एखाद-दोन धागे शीबरोबर येतात. तीन-चार महिन्यांचं बाळ लाळ गाळायला लागतं, ती लाळ गिळतं, आणि ती चिकट दिसते. सर्दी झाली की शेंबूड गिळतं, तोही तसाच खाली येतो. बाळ नेहमीसारखं पीत असेल तर आठ-दहा दिवस नुसतं लक्ष ठेवा.

चिकटाबरोबर रक्ताच्या रेघा दिसल्या की गोष्ट बदलते. आधी आईने स्वतःची बोंडं बघावीत. भेगा पडून रक्त येत असेल तर ते बाळाच्या पोटात जाऊन शी काळपट होऊ शकते. तसं नसेल, आणि बाळ बाकी मजेत असताना चिकट शीत लाल रेघा वारंवार येत असतील, तर आईच्या आहारातल्या दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी हे एक नेहमीचं कारण आहे. रक्त कितीही कमी असलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच. त्यांनी सांगितलं तर आईने दोन ते चार आठवडे दुधाचं सगळं बंद करायचं: चहातलं दूध, दही, ताक, पनीर, तूप, पेढे-बर्फी, दुधाची पावडर घातलेली बिस्किटं. गाईचं सोडून म्हशीचं किंवा शेळीचं घेतलं तर उपयोग नाही, प्रथिनं जवळपास तीच असतात. बाळाला पाजणं मात्र चालूच ठेवायचं. फरक पडल्यावर ठरलेल्या दिवशी दूध पुन्हा घेऊन बघतात, म्हणजे खरंच तेच कारण होतं का हे कळतं. नाहीतर आई उगाच वर्षभर ताकावाचून राहते. या काळात तिला कॅल्शियम लागतं, तेही विचारून घ्या.

खरे जुलाब कसे ओळखायचे

आकड्यापेक्षा बदल बघा. रोज आठ वेळा करणाऱ्या बाळाने आठ वेळा केली, ठीक. रोज तीन वेळा करणाऱ्याने अचानक दहा वेळा केली, पाण्यासारखी, वेगळ्याच घाण वासाची, आणि पिणंही मंदावलं, तर ते जुलाब. अंगावरच्या दुधाच्या नेहमीच्या शीला फार वास नसतो, थोडा आंबूस-गोडसर असतो. जुलाबात पाजणं थांबवायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. ओआरएस किती द्यायचं आणि झिंक द्यायचं का, हे बाळाच्या वयावर आणि वजनावर ठरतं, ते डॉक्टर सांगतील.

हिरव्याला घाबरता, या रंगांना घाबरा

सर्वात आधी पांढुरकी शी. चुन्यासारखी, राखाडी किंवा अगदी फिकट पिवळी, आणि सोबत लंगोटाला पिवळा डाग पाडणारी गडद शू. कावीळ दोन आठवड्यांनंतरही रेंगाळत असेल तर अशी शी म्हणजे पित्त आतड्यात पोचत नाहीये. पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर फायदा जास्त होतो, आणि ‘कोवळं ऊन दाखवा’ म्हणत घरीच हे दिवस निघून जातात. दोन आठवड्यांनंतरच्या काविळीत रक्ताची तपासणी मागून घ्या, साधी आणि ‘डायरेक्ट’ अशी दोन्ही बिलिरुबिन.

पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. हिरवी उलटी. लाल जेलीसारखी शी आणि पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळणं. पहिले दिवस सरल्यावर, लोहाचे थेंब चालू नसताना, डांबरासारखी काळी शी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप. सहा-आठ तास शू नाही, टाळू खोल गेलेली, तोंड कोरडं, बाळ मलूल आणि ओढून पीत नाही.

डॉक्टरांकडे जाताना शी झालेला लंगोट पिशवीत घट्ट बांधून न्या, आणि ती झाल्या झाल्या उजेडात काढलेला फोटोही ठेवा, कारण तुमचा नंबर लागेपर्यंत पिवळीचीही हिरवी झालेली असेल. एका कागदावर एवढं लिहून घ्या: 24 तासांत शू किती, शी किती, किती वेळा पाजलं, जन्माचं वजन आणि त्यानंतरची वजनं तारखेसह, बाळाला आणि आईला चालू असलेली औषधं, गुटी धरून.